फ्रॉडवरची टीम मीटिंग: ‘आपली कोणती टेस्ट फसेल?’ हा प्रश्न विचारला तरच प्रोग्रॅम बदलतो

प्रश्न: मी एका मध्यम आकाराच्या सीए फर्ममध्ये ऑडिट सीनियर आहे. फ्रॉडबद्दलच्या एसए २४० या ऑडिटिंग स्टँडर्डप्रमाणे प्लॅनिंगच्या वेळी फ्रॉडबद्दल टीमची चर्चा करावी लागते. आमच्याकडे ती पंधरा मिनिटांत उरकते, मागच्या वर्षीचाच मसुदा तारीख बदलून फाईलला लागतो आणि ऑडिट प्रोग्रॅममधली एकही ओळ बदलत नाही. ही मीटिंग खरोखर कशी घ्यायची आणि तिच्यातून टेस्ट नेमक्या कशा बदलायच्या?

उत्तर:

पंधरा मिनिटं कमी आहेत, पण खरी अडचण वेळेची नाही. तुमच्या फाईलमधल्या मसुद्यात बहुतेक ‘विक्री वाढवून दाखवण्याची जोखीम – उच्च’ किंवा ‘व्यवस्थापनाकडून नियंत्रणं डावलली जाण्याची शक्यता’ अशी वाक्यं असतील. ही वाक्यं चुकीची नाहीत. विक्रीत फ्रॉडची जोखीम आहे असं धरूनच चालावं, असं एसए २४० स्वतःच सांगतं, आणि नियंत्रणं डावलण्याची जोखीम तर प्रत्येक कंपनीत मानायचीच असते. म्हणजे एवढं लिहायला मीटिंगची गरजच नव्हती. इतक्या मोघम वाक्यातून टेस्ट निघत नाही, कारण ते कोणाबद्दल आहे, कोणत्या कागदाबद्दल आहे आणि कोणत्या आठवड्याबद्दल आहे, हे त्यात कुठेच नाही.

म्हणून माझ्या टीममध्ये मी मीटिंगमधून एकाच प्रकारचं वाक्य मागतो. कोण करेल, कशासाठी करेल, नेमकं कसं करेल, पुस्तकात ते कुठे उमटेल, आणि शेवटी, आपल्या नेहमीच्या टेस्टपैकी कोणत्या टेस्टमधून ते सुखरूप पार होईल. हा शेवटचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी गळतो. तो लिहिला की प्रोग्रॅम बदलावाच लागतो, कारण आपली टेस्ट हे पकडणार नाही हे आपणच कागदावर मान्य केलेलं असतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. मालक स्वतःच रोज कॅश आणि बँक बघतो अशा कंपनीत नोकरांच्या चोरीची शक्यता कमी असते, पण मालकाने टॅक्ससाठी विक्री लपवण्याची जास्त असते, म्हणजे दिशाच उलटी होते. बँकेच्या कर्जावर चाललेल्या कंपनीत स्टॉक आणि डेटर्स फुगवण्याकडे कल असतो. पहिल्याच वर्षाचं ऑडिट असेल तर टीमकडे आठवणी नसतात, त्यामुळे चर्चा आकड्यांवर आणि आधीच्या ऑडिटरच्या फाईलवर जास्त उभी राहते. आणि एकट्या सीएची प्रॅक्टिस असेल, दोन आर्टिकल आणि तुम्ही एवढीच टीम असेल, तरी मीटिंग होऊ शकते. ती फक्त लहान होते.

मीटिंग कधी घ्यायची यावर माझं मत ठाम आहे. मार्चअखेर बंद होणाऱ्या कंपनीसाठी ती मार्चच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात व्हायला हवी, फेब्रुवारीअखेरचे आकडे समोर ठेवून. मेमध्ये घेतली तर ३१ मार्च निघून गेलेला असतो, आणि टेस्टची वेळ बदलण्याचा पर्याय हातातून जातो. मग नमुना थोडा वाढवणं एवढंच उरतं.

पार्टनर हजर हवाच, पण त्याने आधी बोलू नये. पार्टनर म्हणाला, ‘ही मंडळी वीस वर्षांपासून ओळखीची आहेत, इथे तसं काही नाही,’ की पुढे कोणीही तोंड उघडत नाही. व्यवस्थापन प्रामाणिक आहे ही आपली समजूत चर्चेपुरती बाजूला ठेवा, असं स्टँडर्डमध्ये लिहिलंय ते याचसाठी. मी सुरुवात सगळ्यांत नव्या आर्टिकलपासून करतो. व्हाउचर त्यानेच हाताळलेले असतात आणि क्लायंटच्या अकाउंट्समध्ये कोण कोणाला घाबरतं हेही त्याला माहीत असतं. ‘इथे फ्रॉडची शक्यता वाटते का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येणार हे ठरलेलं आहे. मी विचारतो, ‘तू या कंपनीचा सेल्स हेड आहेस, तुला पाच कोटींची विक्री जास्त दाखवायची आहे, आणि आम्ही पकडू नये असं वाटतं. काय करशील?’ या प्रश्नाला उत्तरं येतात.

एक उदाहरण पूर्ण सांगतो. ओळख पटू नये म्हणून आकडे आणि काही तपशील बदलले आहेत, पण क्रम तोच ठेवला आहे.

खानदेशातली पीव्हीसी पाईप बनवणारी खासगी कंपनी. माल जातो शेतीच्या आणि प्लंबिंगच्या डीलरांकडे, विदर्भ-मराठवाड्यापर्यंत. फेब्रुवारीअखेर विक्री ११८ कोटी. वर्षाचं टार्गेट १३८ कोटी, आणि सेल्स हेडचा इन्सेन्टिव्ह टार्गेट ओलांडलं तरच मिळणार, नाहीतर शून्य. शिवाय बँकेचं कॅश क्रेडिट स्टॉक आणि डेटर्सवर. ९० दिवसांपेक्षा जुने डेटर्स ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे बँकेतून किती रक्कम उचलता येईल त्या हिशोबात, धरले जात नाहीत, आणि ते जुने डेटर्स वाढत चालले होते.

मार्चमध्ये या धंद्यात विक्री वाढतेच. पावसाळ्याआधी शेतकरी पाईपलाईन टाकतात, त्यामुळे फेब्रुवारी ते मे हा हंगाम. ‘मार्चला विक्री वाढली’ हे सांगायला कंपनीकडे खरं कारण तयारच असतं. पण टार्गेट गाठायला मार्चमध्ये २० कोटी हवे होते, मागच्या मार्चला झाले होते १५. आणि त्या वर्षी रेझिनचे, म्हणजे पाईपच्या कच्च्या मालाचे, दर उतरत होते. या व्यापारात दर चढत असले की डीलर माल भरून ठेवतो, उतरत असले की हात आखडता घेतो, कारण आज घेतलेला माल पुढच्या महिन्यात स्वस्त होणार असतो. म्हणजे हंगाम एका बाजूला ओढत होता आणि दर दुसऱ्या बाजूला. मागच्या वर्षीपेक्षा पाच कोटी जास्त विक्री खरीखुरी होणं अवघड दिसत होतं.

मग एका आर्टिकलने एक गोष्ट सांगितली. मागच्या वर्षी मे महिन्यातल्या ‘माल परत’ प्रकारच्या काही क्रेडिट नोटांना गेटच्या इनवर्ड रजिस्टरमध्ये नोंद सापडत नव्हती. विचारल्यावर उत्तर मिळालं होतं की माल कारखान्यात आलाच नाही, एका डीलरकडून थेट दुसऱ्याकडे गेला. रक्कम लहान होती, म्हणून प्रश्न तिथेच मिटला होता. एकटी बघितली तर ही क्षुल्लक बाब. टार्गेट, रेझिनचे दर आणि बँक यांच्या शेजारी ठेवली की अर्थ बदलतो. चर्चा सगळ्यांनी एकत्र बसून करायची ती यासाठीच: तुकडे वेगवेगळ्या माणसांकडे असतात.

त्या दिवशी आमच्या कागदावर दोन वाक्यं आली. पहिलं असं: सेल्स हेड टार्गेटसाठी मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत डीलरांना ‘विकला नाही तर परत घेऊ’ अशा तोंडी बोलीवर बिलं करेल, माल डीलरच्या गोडाऊनला पडून राहील किंवा वाटेत ट्रान्सपोर्टरकडे उतरेल, मे-जूनमध्ये क्रेडिट नोट निघेल. दुसरं असं: ९० दिवस ओलांडत आलेल्या बिलाची क्रेडिट नोट काढून त्याच डीलरला तोच माल नव्या तारखेने पुन्हा बिल होईल, म्हणजे कागदावर डेटर ताजा दिसेल आणि ड्रॉइंग पॉवर टिकेल.

आता शेवटचा प्रश्न: हे आपल्या कोणत्या टेस्टमधून सुखरूप पार होईल? पहिल्या वाक्यासाठी आम्ही नेहमीच्या चार टेस्ट एकेक करून तपासल्या. विक्रीचं व्हाउचिंग केलं तर बिल आहे, ई-इनव्हॉइस आहे, ई-वे बिल आहे, बिल्टी आहे, जीएसटीसुद्धा भरलेला आहे. पास. कटऑफसाठी शेवटची पाच बिलं गेटपासशी जुळवली तर माल खरोखरच ३१ मार्चच्या आत गेटबाहेर गेलेला आहे. पास. डेटर्स कन्फर्मेशन पाठवलं तर डीलर ‘बाकी बरोबर आहे’ म्हणेल, कारण त्याच्या पुस्तकात ते बिल खरंच आहे. पास. नंतरची वसुली बघितली तर क्रेडिट साठ-नव्वद दिवसांचं आहे, त्यामुळे पैसे अजून आले नाहीत यात कोणाला नवल वाटणार नाही. पास. चारही टेस्ट नीट केल्या असत्या, चारही वर्किंग पेपर स्वच्छ आले असते, आणि विक्री तरीही खोटी राहिली असती. दुसऱ्या वाक्याचंही तेच, कारण डेटर्सचं एजिंग सॉफ्टवेअर बिलाच्या तारखेवरून काढतं आणि आपण बेरीज तपासून टिक करतो.

हे कळलं की ‘नमुना २५ वरून ४० करा’ हे उत्तर किती पोकळ आहे ते दिसतं. जी टेस्ट फसणार आहे ती चाळीस वेळा केली तरी चाळीस वेळा फसेल. इथे टेस्टचं स्वरूपच बदलावं लागतं.

आम्ही पहिला बदल कन्फर्मेशनमध्ये केला. बाकी विचारण्याऐवजी अटी विचारल्या. २१ ते ३१ मार्चच्या बिलांची यादी देऊन प्रत्येक बिलाचा माल कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी मिळाला; माल परत घेण्याची, दर उतरल्यास फरक देण्याची किंवा नेहमीपेक्षा जास्त दिवस क्रेडिट देण्याची काही बोली, लेखी किंवा तोंडी, झाली आहे का; आणि त्या मालातला किती अजून शिल्लक आहे. ‘तोंडी’ हा शब्द पत्रात मुद्दाम घालावा लागतो. नाहीतर डीलर लेखी करार नाही एवढंच बघून ‘नाही’ लिहितो, आणि ते खरंही असतं.

डीलर निवडण्याची पद्धतही बदलली. सर्वांत मोठ्या बाकीचे वीस डीलर घ्यायचे ही जुनी रीत. तिच्यात वर्षभर सारखा माल उचलणारे मोठे डीलर येतात, आणि आमचा संशय त्यांच्यावर नव्हता. आम्ही प्रत्येक डीलरची मार्चची खरेदी त्याच्या स्वतःच्या अकरा महिन्यांच्या सरासरीशी आणि मागच्या मार्चशी ताडून बघितली. ज्यांची उडी विचित्र होती असे १४ निघाले, आणि त्यातले बरेचसे मध्यम-लहान डीलर होते, जे जुन्या रीतीत कधीच नमुन्यात आले नसते.

पत्ते कंपनीच्या यादीतून घेतले नाहीत, जीएसटी पोर्टलवर डीलरच्या नोंदणीत दिसणारा व्यवसायाचा पत्ता घेतला. पत्रावर सही कंपनीची, पण पोस्टात टाकलं आमच्या ऑफिसने आणि उत्तरही थेट आमच्या ऑफिसला. यात कोणतीही सूट देऊ नका. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांनी पत्र लिहून ५,०४० कोटींची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नसल्याचं कबूल केलं. फाईलमध्ये कन्फर्मेशन होती. २०११ मध्ये अमेरिकेच्या एसईसी आणि पीसीएओबी या नियामकांनी ऑडिटरांविरुद्ध दिलेल्या आदेशांत मुख्य दोष हाच नोंदवला होता की कन्फर्मेशन पाठवण्याची आणि मिळवण्याची प्रक्रिया त्यांनी स्वतःच्या ताब्यात ठेवली नव्हती. कन्फर्मेशनची टेस्ट झाली होती, पण ज्यांच्याविषयी शंका घ्यायची त्यांच्याच हातून झाली होती.

उत्तर न आलेल्या डीलरांचं काय, हेही मीटिंगमध्येच ठरवून ठेवलं. एरवी उत्तर नाही आलं की आपण पर्यायी टेस्ट म्हणून बिल आणि बिल्टी बघतो. पण इथे संशय त्याच कागदांवर होता, त्यामुळे तो पर्याय बंद. उत्तर नाही आलं तर माणूस डीलरकडे जाईल, असं कागदावर लिहिलं आणि प्रवासाचे दिवस बजेटमध्ये धरले. क्लायंटने कन्फर्मेशन पाठवायलाच नकार दिला तर त्याचं कारण विचारायचं, ते पटतं का बघायचं, आणि नाही पटलं तर तो नकारच जोखमीचं लक्षण धरायचा.

दुसरा बदल वेळेचा. स्टॉक मोजायला ३१ मार्चला आम्ही जाणारच होतो. त्यात एक माणूस फक्त गेटवर बसवला, आणि तो २९ तारखेपासून, क्लायंटला आधी न कळवता. टेस्टमध्ये थोडी अनपेक्षितता ठेवा असं स्टँडर्ड सांगतं, ती अशी साधी असू शकते. त्याने बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर, वजनकाट्याची चिठ्ठी आणि गाडीत डोळ्यांना दिसणारा माल नोंदवला. पाईपच्या बाबतीत ही नोंद फार उपयोगी पडते. पाईप आतून पोकळ असल्याने गाडी वजनाने नव्हे, जागेने भरते. मोठ्या व्यासाच्या पाईपात लहान पाईप घालून पाठवले तरी एका गाडीत किती टन बसेल याला मर्यादा असते. बिलावर त्यापेक्षा जास्त टन असेल तर बिल खोटं आहे किंवा गाडी दुसरी आहे.

बाकीच्या दिवसांसाठी २१ ते ३१ मार्चची सगळी ई-वे बिलं घेऊन गाडी नंबरप्रमाणे लावली. एकच गाडी एकाच दिवशी नांदेडच्या दोन फेऱ्यांवर दिसली. खानदेशातून नांदेडला जाऊन, माल उतरवून, परत येऊन त्याच दिवशी पुन्हा निघणं कोणत्याही ट्रकला शक्य नाही. व्हाउचिंगच्या नमुन्यात ही दोन बिलं एकत्र आली असती तरी कोणी गाडी नंबर जुळवला नसता, कारण प्रत्येक बिल आपल्या जागी पूर्ण होतं.

तिसरा बदल क्रेडिट नोटांचा. आधी एप्रिलच्या मोठ्या दहा क्रेडिट नोटा बघायचो. आता १ एप्रिलपासून रिपोर्टवर सही होईपर्यंतच्या सगळ्या क्रेडिट नोटा, रकमेची मर्यादा न ठेवता, मूळ बिलाशी जोडल्या. मूळ बिल मार्चचं असेल तर गेट इनवर्डची नोंद मागायची. ई-इनव्हॉइस २४ तासांनंतर पोर्टलवर रद्द करता येत नाही, म्हणून खोटं बिल मागे घ्यायला क्रेडिट नोटेशिवाय सोयीचा मार्ग नसतो. हे लक्षात घेतलं की ही टेस्ट किती पोहोचते ते कळतं. मात्र ‘दरफरक’ नावाने निघालेल्या नोटाही सोडू नका. दर उतरत असताना दरफरक खराच असतो, पण बिलाच्या संपूर्ण रकमेचा दरफरक कधी नसतो.

दुसऱ्या वाक्यासाठी वेगळी टेस्ट केली: वर्षभराचं विक्री रजिस्टर आणि क्रेडिट नोट रजिस्टर एक्सेलमध्ये शेजारी ठेवून एकाच डीलरला, त्याच साईझचा, तेवढाच माल पंधरा दिवसांच्या आत परत आणि पुन्हा बिल झालेला शोधला. आठ-दहा जोड्या मिळाल्या. बहुतेकांमागे चुकीचा जीएसटी नंबर किंवा चुकीचा दर अशी खरी कारणं होती आणि मूळ बिलाचं वय दहा-पंधरा दिवसांचं होतं. ८० दिवसांपुढचं एकही नव्हतं. म्हणजे दुसरा संशय खरा निघाला नाही, आणि तेही तसंच लिहून ठेवलं. मीटिंगमधला प्रत्येक संशय खरा निघायलाच हवा असं नाही.

जर्नल एंट्रींची तपासणी एसए २४० प्रमाणे प्रत्येक ऑडिटमध्ये करायचीच असते. पण बहुतेक ठिकाणी मोठ्या रकमेच्या आणि रविवारी केलेल्या एंट्री काढून वेळ जातो. निकष आपल्या वाक्यातून यावेत. आम्ही विक्री, डीलर स्कीमची तरतूद आणि मालवाहतूक या खात्यांवरच्या, ३१ मार्चनंतर टाकून मार्चच्या तारखेने नोंदवलेल्या एंट्री काढल्या. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरला एडिट लॉग बंधनकारक आहे, त्यामुळे एंट्री खरोखर कधी टाकली आणि कोणी बदलली हे दिसतं. फक्त तो लॉग वर्षभर चालू होता का, हे आधी बघायचं. मालवाहतुकीच्या खात्यात एका ट्रान्सपोर्टरला ‘गोडाऊन चार्जेस’ म्हणून एप्रिलमध्ये दिलेली रक्कम सापडली. रक्कम किरकोळ होती. पण विकलेल्या मालाचं गोडाऊन भाडं कंपनी का भरते, हा प्रश्न मात्र मोठा होता.

या सगळ्याला वेळ कुठून आणला, हे तुम्ही विचाराल. बाकीच्या अकरा महिन्यांच्या विक्रीचं व्हाउचिंग निम्म्यावर आणलं आणि खर्चाच्या किरकोळ व्हाउचरचा नमुना कमी केला. तिथे जोखीम कमी आहे असं त्याच मीटिंगमध्ये कारणासह लिहिलं होतं. काही कमी न करता फक्त भर घातली तर सीनियर शेवटच्या आठवड्यात नव्या टेस्ट उरकतो, आणि मग त्या केल्याचा उपयोग नसतो.

निकाल असा लागला. मार्चची विक्री २०.६ कोटी, वर्षाची १३८.६, म्हणजे टार्गेट जेमतेम पार. चौदापैकी अकरा डीलरांची उत्तरं आली, त्यांतल्या दोघांनी स्पष्ट लिहिलं की विकला नाही तर माल परत घेऊ असं कंपनीच्या माणसाने सांगितलंय. उरलेल्या तिघांकडे आम्ही गेलो. एकाकडे माल पोहोचलाच नव्हता; तो त्याच ट्रान्सपोर्टरच्या गोडाऊनला होता. अशी सगळी मिळून २.७ कोटींची बिलं ठरली. कंपनीला विक्री कधी धरायची ते सांगणारं एएस ९ हे अकाउंटिंग स्टँडर्ड लागू होतं, आणि त्याप्रमाणे परतीच्या अशा बोलीवर दिलेला माल मुळात विक्री नसून कन्साइनमेंटसारखा ठरतो. विक्री उलटवली, माल कॉस्टने स्टॉकमध्ये घेतला, डेटर्स कमी झाले, बँकेला दिलेल्या स्टेटमेंटशी फरक आला. वर्षाची विक्री १३५.९ कोटी राहिली.

इथे एका गोष्टीत टीम अडखळते. २.७ कोटींच्या विक्रीमागे नफा होता फक्त तीसएक लाख, म्हणजे आम्ही ठरवलेल्या मटेरियालिटीपेक्षा कमी. ‘मग सोडून देऊया?’ असं कोणीतरी म्हणतंच. पण ही चूक नव्हती, ठरवून केलेलं होतं. ज्या माणसाने ते केलं त्याने दिलेल्या इतर माहितीवर आपण कुठे-कुठे विसंबलो आहोत, हे पुन्हा बघावं लागतं. आम्ही टीम परत बसवली, या वेळी अर्ध्या तासासाठी. डीलर स्कीमची तरतूद आणि संशयित डेटर्सचा अंदाज सेल्स हेडच्याच सांगण्यावर उभा होता, म्हणून दोन्ही नव्याने तपासले. मीटिंग प्लॅनिंगला एकदा होऊन संपत नाही, ती यासाठी.

एमडींना हे माहीत होतं का, हा प्रश्न पार्टनरनेच त्यांना विचारायचा असतो, सीनियरने नाही. आणि कंपनी कायद्याच्या कलम १४३(१२) चा विचार लगेच करावा लागतो. अधिकारी किंवा कर्मचाऱ्याने कंपनीविरुद्ध फ्रॉड केला आहे असं मानायला कारण असेल आणि रक्कम एक कोटी किंवा त्याहून जास्त असेल तर कळल्यापासून दोन दिवसांत बोर्ड किंवा ऑडिट कमिटीला लेखी कळवायचं, उत्तरासाठी ४५ दिवस द्यायचे, आणि उत्तर आल्यावर १५ दिवसांत एडीटी-४ या फॉर्ममध्ये केंद्र सरकारला पाठवायचं. रक्कम कोणती धरायची, बिलांची की इन्सेन्टिव्हची, यावर मतं वेगळी होऊ शकतात. कायद्याच्या सल्लागाराला त्याच दिवशी फोन करा.

कागद कसा ठेवायचा ते थोडक्यात सांगतो. एका पानावर पाच रकाने पुरतात: संशयाचं वाक्य, ज्यातून ते सुखरूप पार होईल ती आपली टेस्ट, बदललेली टेस्ट, ती कोण करणार, आणि निकालाच्या वर्किंग पेपरचा नंबर. शेवटचा रकाना रिकामा असेल तर मॅनेजरने फाईल बंद करू नये. आपण काय ठरवलं आणि त्यामुळे काय केलं, हा दुवा रिव्ह्यूला येणारा माणूस सगळ्यांत आधी शोधतो.

आणि पुढच्या मार्चला हेच पान पुन्हा लावू नका. त्या कंपनीत आता सगळ्यांना माहीत आहे की आम्ही गेटवर बसतो आणि डीलरांना तोंडी बोली विचारतो. इन्सेन्टिव्हची रचना तशीच असेल तर तोच दबाव दुसऱ्या वाटेने निघेल, कदाचित डिसेंबरच्या तिमाहीत, कदाचित कंपनीच्याच नात्यातल्या एखाद्या नव्या डीलरच्या नावाने. पाच कोटींच्या वरच्या वर्किंग कॅपिटल लिमिटवर बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंट पुस्तकांशी जुळतात का, हे ऑडिट रिपोर्टला जोडायच्या कारोमध्ये आपल्याला सांगावंच लागतं. म्हणून आम्ही पुढच्या वर्षीची चर्चा त्या चार स्टेटमेंटपासून सुरू केली, आणि वर्षभरात उघडलेल्या नव्या डीलर खात्यांची यादी मीटिंगच्या आधीच मागवून ठेवली.